साडेचोवीस गुण जुळले, पण मन होत नाही

*ताई, मी 29 वर्षांची आहे. नोकरीसाठी पुण्यात राहते, आईबाबा नाशिकला असतात. दीड महिन्यापूर्वी विवाहाच्या संकेतस्थळावरून एक स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनीच आधी तिथे विचारणा केली आणि मग बाबांना फोन केला. तासगावकडची माणसं, मुलगा हैदराबादला नोकरीला. पत्रिका त्यांनीच बघून कळवलं की साडेचोवीस गुण जुळतात. मग कळलं, की बाबांचे जुने मित्र, ज्यांना मी काका म्हणते, ते त्यांना चांगलं ओळखतात. काकांनीही आवर्जून शिफारस केली. मुलाशी चारपाचदा फोनवर बोलले, एकदा पुण्यात भेटलो. खोट काढावी असं त्याच्यात काही नाही, पण माझं मन होत नाही. त्याचा फोन आला नाही की हायसं वाटतं. भेटीच्या वेळी त्याच्या आईने घरच्या बागेतले बेदाणे स्टीलच्या डब्यातून पाठवले होते. दहा दिवस झाले, आम्ही काहीच कळवलेलं नाही. आई म्हणते पत्रिकेचं कारण सांगू. बाबा म्हणतात, ‘इतक्यात लग्न करायचं नाही’ असं सांगू. काकांना काय तोंड दाखवायचं, हेही आहेच. इतक्या चांगल्या माणसांचा अपमान न करता नाही कसं म्हणायचं?*

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा त्या दहा दिवसांची काळजी वाटली. तुम्हाला ते दिवस विचार करण्याचे वाटतात, पण तासगावला ते वाट बघण्याचे आहेत. मुलामुलीची भेट झाली की बहुतेक घरांत बाकीची स्थळं बाजूला ठेवतात. एकीकडे बोलणी चालू असताना दुसरीकडे मुलगी बघायला जायचं नाही, हा साधा सरळ व्यवहार आजही पुष्कळ माणसं पाळतात. त्यात मुलगा हैदराबादला. तो घरी येणार मोजक्या सुट्टीत आणि त्या सुट्टीत कुणाकुणाला भेटायचं हे त्याचे वडील आधीपासून ठरवत असणार. तुमचा निरोप नाही म्हणून ते दुसऱ्या कुणाला होही म्हणू शकत नाहीत आणि नाहीही. तुम्ही गप्प आहात ते भिडेपोटी, मला कळतं. पण त्या भिडेची किंमत ते लोक मोजतायत.

म्हणून अपमानाबद्दल तू विचारतेस त्यावर माझं म्हणणं आधीच सांगते. नकाराने अपमान होत नाही. स्थळ पाठवणाऱ्याने नकाराची तयारी ठेवूनच पाठवलेलं असतं. स्वतःच्या मुलासाठी त्यांनीही कुठेकुठे नाही कळवलं असेल. माणसं दुखावतात ती ताटकळत ठेवल्याने, खोटं कारण सांगितल्याने आणि नको असलेली बातमी तिसऱ्याकडून कळल्याने. या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

दुसरं, तू लिहितेस की खोट काढण्यासारखं काही नाही, आणि त्या वाक्यातून तुझा अपराधीपणा दिसतो. जणू खोट सापडली असती तर नाही म्हणायचा हक्क मिळाला असता! चारपाच वेळा बोलून, भेटून मन होत नसेल तर ते पुरेसं आहे. पन्नास पन्नास टक्के वाटत असतं तर मी तुला आणखी एकदा भेटायला सांगितलं असतं, कारण पहिल्या भेटीत पुष्कळजण अवघडलेले असतात आणि दुसऱ्या भेटीत खुलतात. पण ज्याचा फोन न आल्याने हायसं वाटतं, त्याला केवळ भिडेखातर दुसऱ्यांदा भेटणं म्हणजे त्याची आशा वाढवणं. ते करू नकोस.

आता आईच्या पत्रिकेबद्दल. ‘पत्रिका जुळत नाही’ हे आपल्याकडचं नकाराचं सगळ्यात जुनं वाक्य. दोष ना मुलाचा ना मुलीचा, ग्रहांचा, म्हणून ते सोयीचं. पूर्वी ते चालूनही जायचं. सत्तावीस नक्षत्रांचे नऊनऊचे तीन गट, आद्य, मध्य आणि अंत्य नाडी. दोघांची नाडी एक आली की एकनाड, आणि 36 पैकी नाडीचे 8 गुण गेले. गटच तीन असल्यामुळे साधारण तीन स्थळांमागे एकात एकनाड निघायचीच, त्यामुळे कुणी ‘एकनाड आहे’ म्हटलं तर कुणाला शंका येत नसे. पण तुमच्या बाबतीत गुणमेलन त्यांनीच केलंय आणि साडेचोवीस हा आकडा त्यांनीच कळवलाय. 18 च्या वर गेले की लोक पुढचं बोलतात. तुझी जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण त्यांच्याकडे आहे. चंद्र कोणत्या नक्षत्रात होता हे त्यावरून कुणालाही मोबाइलवर मिनिटभरात काढता येतं. त्यात तुम्ही नवीन एकनाड कुठून आणणार?

मग उरतो मंगळ. हे तर अजिबात करू नका. लग्नी, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची म्हणतात. आमच्या गुरुजींना तुझ्या पत्रिकेत मंगळ दिसला, असं आईने सांगितलं तर ती गोष्ट काकांपर्यंत जाणार, आणि काका मदत म्हणून पुढच्या चार ठिकाणी सांगणार. तो शिक्का मग तुझ्यावरच. त्यांच्या मुलाला मंगळ आहे म्हटलं तर शिक्का त्याच्यावर, आणि त्याचं पुढचं स्थळ तुमच्या एका थापेने अडणार.

पत्रिकेच्या खोट्या कारणाने काय होतं ते मी माझ्या घरी पाहिलंय. माझ्या भावाचं लग्न जमवत होतो, 1994 ची गोष्ट. एका स्थळाकडून निळ्या अंतर्देशीय पत्रात तीन ओळी आल्या, एकनाड निघाली, क्षमस्व. माझ्या वडिलांना ती मुलगी आणि ती माणसं फार आवडली होती. ते दोन्ही पत्रिका घेऊन आमच्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी चरण बघितले. नक्षत्र एकच होतं पण चरण वेगळे, आणि अशा वेळी दोष मानत नाहीत असं त्यांनी सांगितलं. वडील घरी आले, चष्मा पुसला आणि त्याच रात्री दीड पानी पत्र लिहिलं, परिहारासकट, नक्षत्र आणि चरण समजावून. उत्तर आलं नाही. महिन्याभराने एका लग्नात कळलं की मुलीचं दुसरीकडे ठरलेलं होतं आणि ते आमच्या पत्राच्याही आधीपासून. वडील कधी रागावून बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी एकदा एवढंच म्हणाले, “नाही म्हणाले त्याचं काही नाही गं. मी ते पत्र लिहायला नको होतं.” खोटं कारण असं काम करतं. समोरच्याला वाटतं हे कारण दूर करता येईल, आणि तो सरळ माणूस ते दूर करायच्या मागे लागतो.

बाबांचं ‘इतक्यात लग्न करायचं नाही’ हेही त्याच जातीचं. तुझी माहिती संकेतस्थळावर चालू आहे. तू शेवटची कधी आलीस ते तिथे दिसतं. दोन महिन्यांनी काकांच्याच कुणा नातेवाइकाकडे तुझी माहिती पोहोचली की खोटं उघडं पडणार. शिवाय समंजस माणसं म्हणतील, “हरकत नाही, वर्षभर थांबतो आम्ही.” मग काय करणार? कारण सांगितलं की त्यावर चर्चा होते. निर्णय सांगितला की निरोप पोहोचतो. तुम्हाला निरोप पोहोचवायचा आहे.

त्याआधी घरातली एक गोष्ट. मला वाटतं तुमच्या घरात हा नकार अजून ठरलेलाच नाही. तुझं मन झालेलं नाही आणि आईबाबा निमित्त शोधतायत, पण ‘आमचं नाही असं ठरलं’ हे वाक्य तिघांसमोर कुणी बोललंय का? बाबांच्या मनात जर अजून ‘बघू, कदाचित ती वळेल’ असं असेल तर फोनवर त्यांचा आवाज डळमळणार, आणि समोरचे अनुभवी गृहस्थ तो डळमळीतपणा ओळखणार. म्हणून या शनिवारी नाशिकला जा. फोनवर नको, समोर बसून सांग. “बाबा, मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, आणि माझा निर्णय नाही असा आहे. दोन दिवसांनी विचारलंत तरी हाच राहील.” आई एवढ्या चांगल्या स्थळाबद्दल हळहळेल. हळहळू दे, तिच्याशी वाद घालू नकोस.

मग कळवायचं कुणी आणि कुणाला? फोन मुलाच्या वडिलांनी बाबांना केला होता, म्हणजे उत्तरही बाबांनी त्यांनाच द्यायचं. ज्याने शब्द टाकला त्याला उत्तर त्याच्या बरोबरीच्या माणसाने द्यावं, हा आपल्याकडचा मान आहे आणि तो खराही आहे. त्यांना मेसेज पाठवून मोकळं होऊ नये. भेटीपर्यंत आलेल्या स्थळाला फोनच हवा. पण मुलाशी तू स्वतः बोलली आहेस. त्याला ही बातमी त्याच्या वडिलांकडून कळावी हे बरं दिसत नाही. म्हणून रविवारी सकाळी, साधारण अकराला, तू आधी त्याच्याशी बोल आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बाबांचा फोन तासगावला जाऊ दे. अर्धा तास अशासाठी, की आईवडिलांना ही बातमी सांगायचं ओझं त्या मुलावर पडू नये. रात्री उशिरा नको, त्याच्या कामाच्या दिवशी दुपारी नको, आणि दसरा-पाडव्यासारख्या दिवशी तर नकोच. रविवारी सकाळी माणूस घरात असतो आणि ऐकून घ्यायला त्याच्याकडे थोडी उसंत असते.

मुलाला तू असं काहीसं सांग. शब्द तुझे घाल, पण लांबण लावू नकोस.

“नमस्कार, वेळ आहे ना दोन मिनिटं? मी विचार केला, आणि मला पुढे जावंसं वाटत नाही. हे कळवायला मला दहा दिवस लागले, त्याबद्दल मनापासून माफी. तुम्ही कामाबद्दल, घराबद्दल जे विचारलं त्याची सरळ उत्तरं दिलीत, ते मला आवडलं. आता थोड्या वेळात बाबा तुमच्या वडिलांना फोन करतायत, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.”

त्याने ‘का’ विचारलं तर ‘माझं मन झालं नाही, याहून वेगळं कारण नाही’ एवढंच. त्याच्या स्वभावाची, पगाराची, दिसण्याची, बोलण्याची चिकित्सा करू नकोस, त्याने आग्रहाने विचारलं तरीही. आणि ‘आपण मित्र राहू’ हे वाक्य चुकूनही नको. तुझ्या मनात नसताना म्हणशील, आणि त्याला ते खरं वाटेल. फोन उचलला नाही तर हेच चार ओळींत लिहून पाठव. व्हॉइस मेसेज नको, तो कुठे कुणासमोर वाजेल सांगता येत नाही.

बाबांच्या बोलण्यात तीन गोष्टी असल्या की पुरे, निर्णय, उशिराबद्दल माफी आणि एका खऱ्या गोष्टीबद्दल आभार. निर्णय पहिल्या दोन वाक्यांत यायला हवा. आपली सवय अशी, की आधी पाऊसपाणी, तब्येत, बागेची छाटणी, मग दहा मिनिटांनी ‘बरं, ते आपलं...’. तोवर समोरच्याला होकार येतोय असं वाटलेलं असतं. बाबांनी असं म्हणावं.

“नमस्कार, मी नाशिकहून बोलतोय. आपल्या मुलांच्या बाबतीत फोन केला. आमच्या मुलीने विचार केला, आणि तिचं मन होत नाहीये, त्यामुळे आम्हाला पुढे जाता येणार नाही. कळवायला उशीर झाला, ती चूक माझी. तुम्ही मुलांना निवांत बोलू दिलंत, कसलीही घाई केली नाहीत, हे आम्ही लक्षात ठेवू. वहिनींनाही नमस्कार सांगा.”

यात ‘तुमचा मुलगा म्हणजे हिरा, आमच्याच मुलीचं नशीब’ असलं काही नाही, ते बघ. नकारासोबत एवढं कौतुक आलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मग नाही का म्हणताय? आणि ‘आम्ही तुमच्या तोलामोलाचे नाही’ असं तर कुणीही कुणाला म्हणू नये. त्यात नम्रता वाटते, पण समोरच्याला टोमणा ऐकू येतो. आभार मानायचे तर एकाच गोष्टीचे माना, जी खरोखर घडली. ‘योग नाही म्हणायचा’ हे मात्र बाबांनी म्हटलं तरी चालेल. त्यात खोटं काही नाही आणि कुणावर दोषही नाही. फक्त ते निर्णयानंतर यावं, निर्णयाच्या ऐवजी नको. नुसतं ‘योग दिसत नाही’ म्हटलं तर काही लोक पुन्हा गुरुजींकडे जातात, वर सांगितलंच.

समोरून काय येईल याचाही अंदाज बांधून ठेवा. बहुधा थोडी शांतता, मग ‘बरं बरं, काही हरकत नाही’. तिथे बाबांनी बोलत सुटू नये. शांतता भरून काढायच्या नादात माणूस नको ते कारण बोलून जातो. किंवा ते म्हणतील, ‘मुलांना एकदा पुन्हा भेटू द्या ना’. त्यावर बाबांनी म्हणावं, “तिने नीट विचार करून ठरवलंय. पुन्हा भेटवून तुमच्या मुलाचा वेळ घेणं बरं नाही.” तिसरी शक्यता, ‘आमचं काही चुकलं का?’ हा प्रश्न मला सगळ्यात हळवा वाटतो, कारण विचारणाऱ्याला खरंच उत्तर हवं असतं. “तुमचं काहीच चुकलं नाही,” हे बाबांनी ठामपणे, सावकाश म्हणावं. तुमच्या बाबतीत ते खरं आहे, त्यामुळे म्हणायला अवघड जाणार नाही.

काकांचं प्रकरण तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. एक गोष्ट लक्षात घे. स्थळ काकांनी आणलेलं नाही. ते संकेतस्थळावरून थेट आलं, काकांनी नंतर ग्वाही दिली. काका जर मध्यस्थ असते, म्हणजे पहिला निरोपच त्यांच्यामार्फत आला असता, तर नकारही आधी त्यांना सांगून त्यांच्यामार्फतच गेला असता, तशीच रीत आहे. इथे मात्र त्यांना आधी सांगितलंत तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, ते मन वळवायला लागतील. दुसरं, मैत्रीखातर ‘मीच सांगतो त्यांना’ म्हणतील आणि बातमी तिसऱ्याकडून जाईल. म्हणून तासगावचा फोन ठेवल्यावर लगेच, त्याच बैठकीत, बाबांनी काकांना फोन लावावा. संध्याकाळवर ढकलू नका, कारण मुलाच्या वडिलांचा काकांना फोन जाणारच आणि ‘मला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची वेळ काकांवर येऊ नये. त्यांचा मान तिथे जातो.

काकांना शब्दन् शब्द तोच निरोप द्यायचा. तासगावला एक आणि काकांना ‘खरं सांगू का’ म्हणून दुसरं, असं केलंत तर दोन्ही गोष्टी आठवड्यात एकमेकींना भेटतात. “तू सांगितलंस तशीच माणसं आहेत, अगदी चांगली. तिचं मन झालं नाही. मी त्यांच्याशी आत्ताच बोललोय, तुला काही सांगावं लागणार नाही,” एवढं बाबा म्हणाले की काकांची सुटका होते. तू स्वतःही त्यांना नंतर एक फोन कर. त्यांनी तुझ्यासाठी आपला शब्द खर्ची घातला, त्याचे आभार मान. पुढच्या वेळी भेटशील तेव्हा तोंड लपवावं लागणार नाही.

आता संकेतस्थळाचं. तिथे ‘नको’ म्हणायचं बटण असतं आणि पुष्कळजण सगळ्यात आधी तेच दाबतात. बहुतेक ठिकाणी ते दाबताक्षणी समोरच्याच्या मोबाइलवर आपोआप सूचना जाते. ती माहिती मुलाचे वडील सांभाळतात, म्हणजे सूचना त्यांच्या हातात पडणार. बाबांचा फोन जायच्या आधी ठरावीक इंग्रजी वाक्यातली ती सूचना पोहोचली तर फोनला काही अर्थ उरत नाही. आधी फोन, मग बटण. कारणांची यादी समोर आली तर त्यातलं सगळ्यात मोघम निवड किंवा जागा रिकामी सोड. पगार, शहर, शिक्षण असलं काही टिचकवू नकोस. ब्लॉक करायचीही गरज नाही.

आणि मग त्या मुलाचे फोटो, पत्रिका, बायोडेटा. बायोडेटा म्हणजे जन्मतारीख, वेळ, घरचा पत्ता, वडिलांचा नंबर, पगार, मामाकुळी, सगळं एका पानावर. चौकशीसाठी म्हणून आईने ते मावशीला, आत्याला, शेजारच्या वहिनींना पाठवलेलं असणार. तुमच्या फोनमधून काढाच, पण ज्यांना पाठवलं त्यांनाही सांगा, “ते आता पुढे जाणार नाही, काढून टाका.” त्यांना परस्पर ‘माझ्या भाचीसाठी चालेल का’ म्हणून ते पुढे पाठवू देऊ नका. कुणाला खरंच रस असेल तर तासगावकरांना विचारून, त्यांच्या होकाराने. आणि तुमच्याकडून गेलेली पत्रिका आणि फोटो काढून टाकायला बाबांनी त्यांना सांगितलं तर त्यात उद्धट काही नाही. फक्त नकाराच्या त्याच फोनवर नको, दोन दिवसांनी एका ओळीच्या मेसेजमध्ये.

असंच काही ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठीही थोडं सांगते. संकेतस्थळावर नुसती विचारणा आली असेल, बोलणं झालंच नसेल, तर फोनाबिनाची गरज नाही. आठवड्याच्या आत ‘विचारणा केल्याबद्दल आभार, पण आम्ही पुढे जात नाही, शुभेच्छा’ एवढं लिहून बटण दाबा. न बघितल्यासारखं महिनाभर पडू देऊ नका. फोनवर एकदोनदा बोलणं झालं असेल तर दोन ओळींचा मेसेज चालतो. उलट घरी येणंजाणं झालं असेल, मोठी माणसं एकमेकांकडे जेवली असतील, तर फोनही कमी पडतो, दोघांनी जाऊन सांगून यावं. जड जातं, पण वर्षांनुवर्षं बोलणं राहतं. आणि स्थळाने हुंडा मागितला असेल तर ही सगळी नजाकत बाजूला ठेवा. मागणं हाच 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, तिथे कारण स्पष्ट सांगून नाही म्हणा. तसंच, एकदा स्वच्छ नाही म्हटल्यावरही मुलगा किंवा घरचे पुन्हा पुन्हा फोन करत राहिले तर दुसऱ्या उत्तराचं देणं तुम्ही लागत नाही.

राहिला बेदाण्यांचा डबा. तो तुझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावर असेल आणि येताजाता तुझी नजर त्यावर जात असेल, असं मला वाटतं. बेदाणे खा. ते परत करायचे नसतात, ती मुलाच्या आईची माया होती, काही विसार नव्हे. डबा मात्र परत जायला हवा. स्टीलच्या डब्यावर बहुधा नाव कोरलेलं असतं, आणि आपल्या बायका डबा विसरत नाहीत. आता रिकामा डबा परत देऊ नये ही आपल्याकडची पद्धत, म्हणून आई पटकन साखर किंवा पेढे भरेल. तेवढं टाळा, साखरेचा आणि पेढ्यांचा अर्थ या विषयात वेगळा होतो. नाशिकचा चिवडा भरा, झाकण पडू नये म्हणून फडक्यात बांधा, आणि फोन झाल्यावर चारपाच दिवसांनी कुरिअरने पाठवा. आधी पोहोचला तर त्यांना तो होकारच वाटायचा. आत आईच्या अक्षरात एक चिठ्ठी असू दे, मुलाच्या आईच्या नावाने. ‘बेदाणे फार छान होते, सगळ्यांनी खाल्ले.’ बाकी काही लिहायचं नाही.